आठवा पाइप कोरडा, नववा ओला: गावाच्या पाण्याचा नकाशा करताना

भूगोलाच्या शेवटच्या वर्षाला प्रकल्पाचा विषय द्यायचा होता तेव्हा मी कागदावर एकच ओळ लिहिली होती: 'गावातील बोरिंग व विहिरींचे नकाशांकन'. काम सोपं वाटलं होतं. गाव माझं, वाटा पाठ, पाण्याच्या जागा लहानपणापासून डोक्यावर हंडा घेऊन पाहिलेल्या. आठ दिवस फिरायचं, मोबाइलवर प्रत्येक जागेची नोंद घ्यायची, ती संगणकावर चढवायची आणि नकाशा छापायचा. प्रत्यक्षात जानेवारीत सुरू झालेलं काम मे संपेपर्यंत चाललं. या प्रास्ताविकात निष्कर्षांपेक्षा ते काम कसं बदलत गेलं तेच सांगते, कारण त्याशिवाय पुढचे नकाशे वाचता येणार नाहीत.

आमचं गाव ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात. एक गावठाण आणि तीन पाडे. पावसाळ्यात अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, शेतात महिना महिना पाणी हटत नाही. तानसा आणि भातसा ही मुंबईला पाणी पुरवणारी दोन्ही धरणं याच तालुक्यात आहेत. आणि मार्च लागला की आमच्या बायांच्या डोक्यावर हंडे चढतात. बाहेरच्या माणसाला हे पटत नाही. पण इथली जमीन पाहिली की कळतं. वर हातभर माती, खाली काही मीटर मुरूम, आणि त्याच्याखाली काळा कातळ. पाणी साठतं ते मुरमात आणि कातळाच्या भेगांत. उतार तीव्र असल्यामुळे मुरमातलं पाणी दिवाळीनंतर ओढ्याकडे पाझरून निघून जातं. आमच्या विहिरी मुरमातल्या पाण्यावर आणि बोरिंग भेगांतल्या पाण्यावर जगतात. हा फरक मला पुस्तकातून माहीत होता, पण त्याचा नकाशाशी काय संबंध ते मे महिन्यात कळलं.

आमच्याकडे हातपंपाला कुणी हातपंप म्हणत नाही, बोरिंगच म्हणतात. म्हणून अहवालातही मी तोच शब्द ठेवला आहे.

सुरुवात जुन्या यादीपासून केली. त्यात ९ बोरिंग आणि ११ विहिरी होत्या. फिरून पाहिलं तर बोरिंग ७ भरल्या. एकीचं वरचं डोकं काढून नेलेलं होतं आणि जमिनीतून वर आलेल्या केसिंग पाइपवर कुणीतरी दगड ठेवला होता. दुसरी कुठे होती ते सांगणाऱ्या दोन म्हाताऱ्यांनी दोन वेगळ्या जागा दाखवल्या. रस्ता रुंद झाला तेव्हा ती गेली, एवढ्यावर मात्र दोघांचं एकमत होतं. विहिरी ११च्या ११ मिळाल्या. शिवाय ओढ्यात दोन झिरे होते, जे कुठल्याच यादीत नव्हते. ते दरवर्षी फेब्रुवारीत वाळू उकरून करतात, पावसाळ्यात बुजतात. उन्हाळ्यात वाडीचं निम्मं पाणी त्यांतूनच येतं, म्हणून मी तेही घेतले. असे वीस ठिपके झाले.

पहिला नकाशा उघडला तेव्हा चार विहिरी गावात नव्हत्याच, टिटवाळ्याच्या पूर्वेला जाऊन पडल्या होत्या. कारण शोधायला एक संध्याकाळ गेली. मी मोबाइलवरून घेतलेल्या नोंदी दशांश अंशांत होत्या. त्या चार विहिरींचे आकडे मात्र जुन्या यादीतून उतरवले होते आणि ते अंश, मिनिटं, सेकंद असे होते. १९ अंश ३१ मिनिटं १२ सेकंद म्हणजे दशांशात १९.५२००. मी ते १९.३११२ असं उतरवलं होतं. एका अंशाचं उत्तर-दक्षिण अंतर सुमारे १११ किलोमीटर असतं, म्हणजे एवढ्याशा चुकीनं विहीर २३ किलोमीटर दक्षिणेला सरकते. रेखांशातही तीच चूक, म्हणून ती पश्चिमेलाही गेली. ही चूक निदान लांबून दिसते. दुसरी जवळची आणि जास्त वाईट: आंब्याखाली उभं राहून मोबाइल बघितला तर तो कधी कधी वीस-वीस मीटर चुकतो आणि विहीर शेजाऱ्याच्या बांधात दाखवतो. आमच्याकडे विहीर कुणाच्या बांधात आहे यावरून भावाभावांत बोलणं बंद झालेलं आहे. म्हणून अशा ठिकाणी मी उघड्यावर येऊन नोंद घेतली आणि तिथून विहिरीपर्यंतचं अंतर टेपनं मोजून लिहिलं.

ठिपके जागेवर बसले. आता प्रत्येकापुढे 'सुरू' किंवा 'बंद' लिहायचं बाकी होतं, आणि काम तिथेच अडलं.

जानेवारीतली सकाळ होती. वरच्या पाड्यावरच्या बोरिंगजवळ मी वही घेऊन उभी होते. एक आजी पाणी भरत होत्या. मी विचारलं, "आजी, ही बोरिंग चालू आहे ना?"

त्या म्हणाल्या, "चालू हाय की. पण तू कोणत्या महिन्यातलं लिवतेस?"

मी 'सुरू' लिहिलं आणि पुढे गेले. पण तो प्रश्न घरापर्यंत सोबत आला. रात्री यादीकडे पाहिलं तर सगळ्या सात बोरिंगपुढे 'सुरू' होतं. मे महिन्यात याच पाड्यावर टँकर येतो हे मला माहीत होतं. तरी माझ्या नकाशावर तो पाडा हिरवा होता.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यातल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते: जानेवारी, मार्च, मे आणि पावसाळ्यानंतर. मी ठरवलं की आपणही निदान तीन वेळा मोजायचं. प्रत्येक ठिपक्याला तीन तारखा आणि तीन आकडे.

विहिरींचं मोजमाप सोपं आहे, फक्त शिस्त लागते. टेपच्या टोकाला एक जड नट बांधला, खालच्या दोन मीटरला कोरडा खडू घासला. टेप पाण्यात शिरेपर्यंत सोडायची, कठड्यावरच्या खुणेशी कोणता आकडा आला तो वाचायचा, मग वर ओढून खडू कुठपर्यंत भिजला ते पाहायचं. दोन्हींची वजाबाकी म्हणजे पाण्याची खोली. वेळ पहाटेची, कुणी पोहरा टाकायच्या आधी, कारण दिवसभर उपसा झालेल्या विहिरीत आपण मोजतो ती पातळी उपशाची असते, जमिनीतल्या पाण्याची नसते.

तरीही माझी एक चूक झाली. देवळामागच्या विहिरीची पातळी मार्चमध्ये जानेवारीपेक्षा वर आलेली दिसली. पाऊस नाही, पाट नाही, आणि पाणी चढलं? दोन दिवस मी कारणं शोधत होते. मग वहीत बघितलं तर जानेवारीत मी कठड्याच्या माथ्यापासून मोजलं होतं आणि मार्चमध्ये, कठड्यावर कपडे वाळत होते म्हणून, खाली जमिनीपासून. कठडा ७५ सेंटिमीटर उंच. तेवढे वजा केल्यावर पाणी जिथं असायला हवं तिथं, खालीच, गेलं. त्यानंतर प्रत्येक विहिरीवर लाल रंगाची एक खूण केली, तिथूनच मोजायचं, आणि ती खूण जमिनीपासून किती उंच आहे ते आकड्यातून वजा करायचं.

बोरिंगमध्ये टेप सोडताच येत नाही. पंपाचा पाय केसिंगवर सिमेंटात घट्ट बसवलेला असतो, आत लोखंडी पाइप लटकलेला, वरून सगळं बंद. खाली पाणी किती खोल आहे हे वरून बघायला जागाच नसते. सातही बोरिंगचा रकाना मी रिकामा सोडणार होते.

तो भरला गेला वरच्या पाड्यावरच्या बायांमुळे. त्या बोरिंगला 'उशिरा बोलणारी' म्हणतात. पहाटे पहिल्यांदा हापसलं की लगेच पाणी येत नाही. एकदा आलं की मग नीट येत राहतं. पहिला नंबर लागला तर वैताग, कारण नुसतं हापसून हात भरून येतो. एक वहिनी सहज म्हणाल्या, "आता पंचवीस-तीस हापश्यांत येतं. होळीनंतर बघ, चाळीस लागतात."

हापशे होळीनंतर वाढतात, म्हणजे ते खालच्या पाण्याबद्दल काहीतरी सांगतात, एवढं माझ्या लक्षात आलं. नेमकं काय ते तालुक्याहून येणाऱ्या पंप मिस्त्रीकाकांनी समजावलं. त्यांनी तीस वर्षांत या भागातल्या बहुतेक बोरिंग उघडल्या आहेत.

आमच्याकडच्या सगळ्या बोरिंग 'इंडिया मार्क टू' पद्धतीच्या. हा पंप १९७०च्या दशकात युनिसेफच्या मदतीनं घडवला गेला आणि त्याचा आधार होता आपल्याच सोलापुरात बनलेला पंप. त्याच्या आधी जालन्यातही तसाच एक प्रयत्न झाला होता. रोज ज्याला लटकून आपण पाणी काढतो त्याचं मूळ आपल्या जिल्ह्यांत आहे हे कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं.

त्याची रचना अशी. तीन-तीन मीटरचे लोखंडी पाइप एकमेकांत आटे देऊन खाली सोडलेले असतात. म्हणून मिस्त्री खोली मीटरमध्ये सांगत नाहीत, "दहा पाइपाची बोरिंग" म्हणतात. सगळ्यात खाली आतून पितळेचं अस्तर असलेला सिलिंडर. त्यात दट्ट्या वर-खाली होतो, त्याला वॉशर असतात, आणि सिलिंडरच्या तळाशी फूट व्हॉल्व्ह असतो. पाइपात चढलेलं पाणी परत खाली जाऊ नये म्हणून हा व्हॉल्व्ह. तो नीट असेल तर पाइप रात्रभर भरलेला राहतो आणि सकाळी दुसऱ्या-तिसऱ्या हापश्याला पाणी येतं. त्याचं रबर झिजलं की पाणी हळूहळू खाली गळतं.

"पण कुठपर्यंत गळेल?" काकांनी मला उलटा प्रश्न केला. मी म्हटलं, तळापर्यंत. ते म्हणाले, "नाही गं पोरी. बाहेर बोअरात जेवढं पाणी उभं आहे तेवढ्यावर येऊन थांबणार. आत-बाहेर एक पातळी झाली की गळणार कसं?"

रात्रभरात पाइपातलं पाणी बोअरातल्या पाण्याच्या पातळीला येऊन थांबतं. सकाळी आपण हापसतो तेव्हा तिथपासून वरपर्यंतचा रिकामा पाइप आधी भरावा लागतो. किती हापशे लागले ते मोजलं की पाइप किती मीटर रिकामा होता ते काढता येतं, आणि तीच पाण्याची खोली. बिघडलेला व्हॉल्व्ह माझी टेप झाला.

हिशेब असा. सिलिंडरचा आतला व्यास ६३.५ मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव १२५ मिलिमीटर, म्हणजे एका पूर्ण हापश्याला जवळपास ०.४ लिटर पाणी. चाळीस हापश्यांना पंधरा-सोळा लिटर, एक हंडा. हे मी चांगल्या बोरिंगवर हंडा लावून ताडून पाहिलं, बरोबर आलं. पाइपाच्या आतल्या पोकळीतून मधल्या सळईची जागा वजा केली तर एका मीटर लांबीत साधारण ०.९ लिटर मावतं. म्हणून हापशे गुणिले ०.४ भागिले ०.९ म्हणजे मीटरमध्ये खोली. सोपं करून सांगायचं तर दहा हापशे म्हणजे सुमारे साडेचार मीटर.

यासाठी दोन गोष्टी पाळाव्या लागल्या. बोरिंग रात्रभर कुणी हात न लावलेली हवी, म्हणून मी पहाटे साडेचारला तिथं जाऊन बसायचे आणि बाया मला पहिले हापशे मारू द्यायच्या. आणि प्रत्येक हापसा पूर्ण हवा, दांडा वर टेकेपर्यंत आणि खाली टेकेपर्यंत. एकदा माझ्या आधी एका लहान मुलानं सुरुवात केली आणि ७१ हापशे लागले. त्याचा हात वरपर्यंत पोचत नव्हता, तो अर्धेच हापशे मारत होता. तो आकडा मी वहीतून काढून टाकला.

वरच्या पाड्याच्या बोरिंगला जानेवारीत २६ हापशे लागले, मार्चमध्ये ३९ आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात ५५. खोलीत सांगायचं तर साडेअकरा मीटर, सव्वासतरा मीटर आणि जवळपास साडेचोवीस मीटर. जानेवारी ते मे या काळात पाणी सात माणसं एकावर एक उभी केली तर जास्तच, एवढं खाली गेलं होतं, आणि यादीत ती बोरिंग अजून 'सुरू' होती.

मनात शंका होती. व्हॉल्व्हच जास्त झिजत चालला असेल तर? पण व्हॉल्व्ह कितीही झिजला तरी पाणी बाहेरच्या पातळीच्या खाली जाऊ शकत नाही, फक्त तिथं लवकर पोचतं. मी संध्याकाळी हापसून तासाभरानं पुन्हा मोजलं तर बाराच हापशे लागले. म्हणजे गळती संथ होती, हापसताना पाणी वाया जात नव्हतं, आणि पहाटेपर्यंत ती आपल्या तळाला पोचत होती.

उलट उदाहरण शाळेजवळच्या बोरिंगचं. तीही उशिरा बोलते. पण तिथं जानेवारीत २०, मार्चमध्ये २० आणि मेमध्ये २१ हापशे लागले. पाणी इतकं स्थिर राहतं म्हणून मी आनंदानं ती निळी रंगवणार होते. काकांनी थांबवलं. "आकडा हलत नाही याचा अर्थ ते पाणी नाही, भोक आहे." वीस हापशे म्हणजे नऊ मीटर, म्हणजे बरोबर तीन पाइप. तिसऱ्या आणि चौथ्या पाइपाच्या जोडावर आटे कुजून चीर पडली असणार, आणि पाणी त्या चिरेपर्यंतच उतरतं. खालचं पाणी कुठं आहे ते या आकड्यातून कळतच नाही. आणखी एक खूण होती: इथं चाळीस हापश्यांना ११ लिटरच मिळत होतं, कारण हापसतानाही चिरेतून पाणी परत जात होतं. ही बोरिंग अजून उघडलेली नाही, म्हणून अहवालात तिच्यापुढे 'जोडावर गळतीची शक्यता, पातळी अज्ञात' असं लिहिलं आहे.

मे महिन्यात वरच्या पाड्यावर दुसरी तक्रार सुरू झाली. पाणी येतं, पण मध्येच तुटतं. हंडा अर्धा झाला की पाण्याबरोबर हवा येते, बोरिंगला धाप लागते, दांडा हलका होतो. दहा-पंधरा मिनिटं थांबलं की पुन्हा येतं. हा आजार वेगळा. गळक्या व्हॉल्व्हची बोरिंग सुरुवातीला त्रास देते आणि मग नीट चालते. पाणी कमी पडलेली बोरिंग सुरुवातीला नीट चालते आणि मग तुटते. या बोरिंगला दोन्ही होतं. मी सकाळी सलग किती हंडे भरतात ते मोजलं: सहा भरले, सातव्याला धाप लागली. बोरिंग दहा पाइपाची, सिलिंडर तीस मीटरवर. पाणी साडेचोवीसवर. सहा इंची बोअरात सिलिंडरच्या वर उरलेलं साडेपाच मीटर पाणी म्हणजे नव्वद लिटरच्या आसपास, सहा हंडे. माझा हापश्यांवरून काढलेला आकडा आणि बायांचे हंडे एकमेकांना जुळले, तेव्हा मला पहिल्यांदा त्या हिशेबावर भरवसा वाटला.

खात्री पटली ती मेच्या शेवटी. दुरुस्तीसाठी बोरिंग उघडायचं ठरलं. सकाळी आठला काका दोन माणसं घेऊन आले. डोकं उतरवलं, साखळी सोडवली, तिकाटणं उभं केलं आणि पाइप एकेक वर ओढायला सुरुवात झाली. एक पाइप वर आला की खालच्याला चिमटा लावून धरायचा, आटा सोडवायचा, पाइप बाजूला भिंतीला टेकवायचा. पाड्यावरची निम्मी माणसं भोवती उभी होती. मी प्रत्येक पाइपावर खडूनं आकडा घालत होते. पहिला, दुसरा, तिसरा, सगळे बाहेरून कोरडे, तांबूस गंजाची पूड हाताला लागत होती. चौथ्या पाइपाच्या खालच्या टोकापाशी गंजाचा रंग बदलला. तिथून पुढे पाइपावर पिवळसर चिकट थर होता, आता वाळलेला. जानेवारीत पाणी साडेअकरा मीटरवर होतं, चौथा पाइप बारा मीटरला संपतो. पावसाळ्यापासून जानेवारीपर्यंत पाइपाचा तो भाग पाण्याखाली राहिलेला दिसत होता.

पाचवा, सहावा, सातवा वाळलेल्या थराचे. आठवा आला, तोही कोरडा. मग नववा वर येऊ लागला. त्याचा वीतभर भाग वर आला आणि त्याच्या खाली तो ओला होता, काळा, चमकत होता, आणि पाण्याचे थेंब ओघळून धरणाऱ्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत गेले. आठ पाइप म्हणजे चोवीस मीटर. माझ्या वहीत साडेचोवीस होतं. मी ती ओळ काकांना दाखवली. त्यांनी चष्मा वर करून वाचली आणि म्हणाले, "हे तू वरनं मोजलंस?" मग त्यांनी त्यांच्या माणसाला बोलावून त्यालाही दाखवली.

फूट व्हॉल्व्हचं रबर एका बाजूला नखाएवढं कापलेलं निघालं. नवं बसवलं, वॉशरही बदलले, दुपारी दोनपर्यंत बोरिंग पुन्हा उभी राहिली. दुसऱ्या दिवशी पहाटे तिसऱ्या हापश्याला पाणी आलं. पहाटेचे ते पन्नास रिकामे हापशे वाचले. बाया फार खूश होत्या, मीही होते. दुरुस्तीच्या वहीत 'दुरुस्त, सुरू' अशी नोंद झाली.

पण त्याही सकाळी सातव्या हंड्याला धाप लागली. व्हॉल्व्ह नवा असला तरी बोअरात पाणी तेवढंच होतं. आणि आता पाइप रात्रभर भरलेला राहतो, त्यामुळे हापश्यांवरून पातळी काढायचा माझा मार्ग बंद झाला. पुढच्या वर्षी कुणाला या बोरिंगची तुलना करायची असेल तर सलग हंड्यांचीच नोंद कामी येईल.

म्हणून या अहवालातल्या नकाशावर 'सुरू' आणि 'बंद' हे दोन रंग नाहीत. प्रत्येक बोरिंगच्या ठिपक्याशेजारी तीन आकडे आहेत: पहाटेचे हापशे, चाळीस हापश्यांना किती लिटर, आणि धाप लागेपर्यंत किती हंडे. प्रत्येकाखाली तारीख. विहिरीशेजारी जमिनीपासूनची खोली आणि तळ. सात बोरिंगपैकी पातळीचा अंदाज मला फक्त तीनच ठिकाणी काढता आला, कारण बाकीच्यांचे व्हॉल्व्ह चांगले आहेत, आणि शाळेजवळचीला चीर असावी. ते चार रकाने मी रिकामे ठेवले आहेत. हापश्यांवरून काढलेल्या खोलीत मीटर-दीड मीटर इकडेतिकडे होऊ शकतं. पंपाच्या डोक्यातली छोटी टाकी भरायलाही दोन-तीन हापशे जातात आणि वॉशर झिजला असेल तर प्रत्येक हापसा थोडा कमी उचलतो.

एक नकाशा मी केला होता तो मात्र अहवालातून काढून टाकला. QGIS या नकाशे करायच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या ठिकाणच्या पातळ्या देऊन मधल्या जागा रंगानं भरून घेता येतात. त्यात सगळं गाव निळ्यापासून लाल होत जाताना दिसत होतं, आणि तो सगळ्यांत देखणा होता. पण वरच्या पाड्याच्या बोरिंगपासून साठ पावलांवर एक विहीर आहे. तिचा तळ आठ मीटरवर, एप्रिलमध्ये ती कोरडी पडली. बोरिंगचं पाणी तेव्हा वीस मीटरच्या आसपास होतं. ही दोन वेगळी पाणी आहेत, एक मुरमातलं आणि एक कातळाच्या भेगेतलं, आणि त्यांच्यामधल्या साठ पावलांत पाणी आठपासून वीसपर्यंत उतरत जात नाही. कातळाची भेग कुठून कुठे जाते ते वरून कळत नाही, दहा पावलांवर दुसरी बोअर मारली तर ती कोरडीही निघू शकते. तो रंगीत नकाशा पाहून कुणी निळ्या भागात नवी बोअर मारायला सांगितली असती तर त्याला जबाबदार मी असते. विहिरींचा आणि बोरिंगचा नकाशा म्हणून वेगवेगळा छापला आहे, ठिपके आणि आकडे, मधली जागा पांढरी.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी छापलेला कागद वरच्या पाड्यावर घेऊन गेले. त्या आजी ओट्यावर बसल्या होत्या. त्यांना वाचता येत नाही, म्हणून त्यांच्या बोरिंगवर बोट ठेवून मी आकडे वाचून दाखवले: जानेवारीत सव्वीस, मार्चमध्ये एकोणचाळीस, मेमध्ये पंचावन्न, आणि सहा हंडे. त्या थोडा वेळ कागदाकडे बघत राहिल्या.

"आन् आमच्या झिऱ्याचं?" त्यांनी विचारलं.

झिऱ्याचा ठिपका होता, पण त्याच्यापुढे आकडा नव्हता. वाटीवाटीनं भरणाऱ्या पाण्याचं माप कसं घ्यायचं ते मला सुचलं नव्हतं. आजींनी सांगितलं की मेमध्ये एक हंडा भरायला त्यांना 'उन्ह त्या जांभळीवरून या दगडावर येईपर्यंत' लागतं. आम्ही दोघी ओढ्यात उतरलो, त्यांनी जांभूळ आणि दगड दाखवला, आणि दुसऱ्या दिवशी मी घड्याळ घेऊन तिथं बसले. उन्हाला ते अंतर कापायला पन्नास मिनिटं लागली. झिऱ्यापुढच्या रकान्यात तोच आकडा आहे.